को-आयपीच्या निगेटिव्ह कंट्रोलमध्येही बँड दिसतो: समस्या निवारण

दोन प्रथिने पेशीत एकमेकांना धरून असतात का, हे पाहण्यासाठी को-इम्युनोप्रेसिपिटेशन, म्हणजे रोजच्या बोलण्यातले को-आयपी, करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला एक तक्रार हमखास येते. ज्या लेनमध्ये काहीही दिसू नये अशी अपेक्षा असते, तिथेही बँड दिसतो. आमच्या प्रयोगशाळेत ही तक्रार घेऊन दर काही महिन्यांनी कोणीतरी माझ्याकडे येते, आणि प्रत्येक वेळी मी साधारण त्याच क्रमाने तपासणी करते. तो क्रम इथे पी५३ आणि एमडीएम२ या जोडीच्या उदाहरणावरून मांडते. ही दोन प्रथिने एकमेकांना धरतात याविषयी आता शंका नाही. त्यामुळे प्रयोग फसला, तर दोष जीवशास्त्राचा नसून आपल्या हाताचा किंवा रचनेचा आहे, हे या जोडीवर चटकन कळते.

आमची मूळ रचना अशी होती. पेशी एचसीटी११६ या, ज्यांत पी५३ मूळ रूपात असते. एमडीएम२ पी५३चा नाश घडवून आणते, म्हणून लायसिसच्या आधी चार तास १० मायक्रोमोलर एमजी१३२ देऊन प्रोटिएझोम बंद केला. लायसिस बफरमध्ये ५० मिलिमोलर ट्रिस (पीएच ७.४), १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ०.५ टक्के एनपी-४०, १ मिलिमोलर ईडीटीए आणि प्रोटिएज इन्हिबिटर होते. एका मिलिग्रॅम प्रथिनाच्या लायसेटमध्ये एमडीएम२विरुद्धची एसएमपी१४ ही उंदराची अँटिबॉडी २ मायक्रोग्रॅम घातली, प्रोटीन जी लावलेल्या चुंबकीय बीड्सवर ती पकडली आणि ब्लॉटवर डीओ-१ या दुसऱ्या उंदराच्या अँटिबॉडीने पी५३ शोधले. कंट्रोल लेनमध्ये एसएमपी१४ऐवजी तेवढेच साधे उंदीर आयजीजी होते.

लक्षणे

आयपीच्या लेनमध्ये ५३ किलोडाल्टनच्या आसपास ठळक बँड होता आणि आयजीजीच्या लेनमध्ये तिथेच त्याच्यासारखाच, थोडा फिका बँड. धुण्याची संख्या तीनवरून पाचवर नेली तरी फरक पडला नाही. एक्स्पोजर कमी केले की कंट्रोल स्वच्छ दिसे, वाढवले की दोन्ही लेन सारख्या दिसत. उलट दिशेने, म्हणजे डीओ-१ने पी५३ ओढून एमडीएम२ शोधले, तर आयपीच्या लेनमध्येही काहीच येत नसे. "मॅम, बँड तर आला आहे, कंट्रोलमध्ये थोडाच आहे," असे ही आकृती आणणाऱ्या विद्यार्थिनीचे म्हणणे होते, आणि तो "थोडाच" शब्द ऐकून मी खुर्ची ओढून बसले.

पुढच्या सगळ्या तपासण्या दोनच प्रश्नांभोवती फिरतात. हा बँड खरोखर पी५३चा आहे का? आणि असेल, तर तो एमडीएम२चा हात धरून आला आहे की दुसऱ्याच वाटेने? पहिल्याचे उत्तर मिळण्याआधी दुसऱ्यामागे लागलेल्या लोकांचे महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत.

फुकटची तपासणी: आहे तीच आकृती पुन्हा पाहणे

काहीही नवीन करण्याआधी त्याच मेम्ब्रेनचा वरचा भाग एमडीएम२साठी तपासावा. एमडीएम२ सुमारे ९० किलोडाल्टनपाशी धावते, त्यामुळे मेम्ब्रेन ७० किलोडाल्टनच्या आसपास आडवे कापले, तर दोन्ही प्रश्न एकाच वेळी विचारता येतात. आयपीच्या लेनमध्ये एमडीएम२च नसेल, तर खालचा पी५३चा बँड काहीही असला तरी तो या परस्परसंबंधाचा पुरावा नाही. ओढणाराच हजर नाही, मग ओढले कोणी? आयजीजीच्या लेनमध्येही एमडीएम२ दिसत असेल, तर गळती सगळ्याच प्रथिनांची आहे आणि दोष बहुधा बीड्स किंवा धुण्यात आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे इनपुटचे प्रमाण. आम्ही इनपुट म्हणून २० मायक्रोग्रॅम लायसेट चढवले होते, म्हणजे आयपीत वापरलेल्याच्या २ टक्के, आणि बीड्सवरून उतरवलेला सगळा नमुना आयपीच्या लेनमध्ये होता. आयपीचा बँड इनपुटएवढा दिसत असेल, तर लायसेटमधले सुमारे २ टक्के पी५३ बीड्सवर आले आहे. आयजीजीचा बँड त्याच्या एक तृतीयांश असेल, तर सुमारे ०.७ टक्के पी५३ काही कारण नसताना चिकटले आहे. एमजी१३२मुळे पी५३ साचलेले असताना एवढे चिकटणे मुळीच आश्चर्याचे नाही. हा हिशेब केला की कंट्रोलमधला बँड गूढ राहत नाही, आणि आपला संकेतही पार्श्वभूमीच्या केवळ तिप्पट आहे हे स्पष्ट होते. मात्र हिशेब करताना बँड संपृक्त नसलेले एक्स्पोजर घ्यावे. काळाकुट्ट बँड मोजून काढलेला आकडा निरर्थक असतो.

दहा रुपयांची तपासणी: लायसेट नसलेली लेन

एका ट्यूबमध्ये फक्त लायसिस बफर, एसएमपी१४ आणि बीड्स घ्यावेत, लायसेट अजिबात नको. बाकी सगळे आयपीप्रमाणेच करून ती लेन इतरांच्या शेजारी चालवावी. या लेनमध्ये पी५३ असणे शक्यच नाही.

आमच्याकडे त्या लेनमध्ये ५० ते ५५ किलोडाल्टनच्या पट्ट्यात जाड, किंचित हसल्यासारखा वाकलेला बँड आला. तो अँटिबॉडीच्या हेवी चेनचा होता. नमुना उकळताना बीड्सवरची अँटिबॉडीही सुटते, डीटीटीमुळे तिच्या हेवी आणि लाइट चेन वेगळ्या होतात, आणि ब्लॉटवर वापरलेली उंदीरविरोधी सेकंडरी त्यांनाही तितक्याच प्रेमाने धरते. पी५३ नेमके हेवी चेनच्या उंचीवर धावते, म्हणून या जोडीत हा घोटाळा जवळजवळ प्रत्येकाकडून एकदा तरी होतो. आपले प्रथिन २५ किलोडाल्टनचे असेल, तर हाच त्रास लाइट चेन देते.

उपाय स्वस्त आहेत. ब्लॉटसाठी एचआरपी थेट जोडलेली डीओ-१ वापरली की सेकंडरीची गरज उरत नाही आणि हेवी चेन दिसेनाशी होते. किंवा ब्लॉटसाठी सशाची पी५३ अँटिबॉडी आणि उंदराच्या आयजीजीला न धरणारी सेकंडरी घ्यावी. फक्त लाइट चेन ओळखणारी सेकंडरीही मिळते आणि ५३ किलोडाल्टनच्या प्रथिनासाठी ती पुरेशी आहे. अँटिबॉडी बीड्सला रासायनिक रीतीने कायमची जोडणे हा चौथा मार्ग. त्यात अँटिबॉडीची पकड थोडी घटते, म्हणून मी तो शेवटी ठेवते. एचआरपी जोडलेली डीओ-१ वापरल्यावर आमचा आयजीजी लेनमधला बँड बराच उतरला, पण पूर्ण गेला नाही. म्हणजे उरलेला बँड खरोखर पी५३चा असण्याची शक्यता आता विचारात घ्यायला हवी होती.

एका दिवसाची तपासणी: लायसेट, बीड्स आणि धुणे

पी५३ एमडीएम२विना बीड्सपर्यंत पोहोचण्याची सर्वांत सामान्य वाट म्हणजे नीट न साफ झालेले लायसेट. लायसिसनंतर ४ अंश सेल्सियसला सुमारे १४,००० जी वेगाने १५ मिनिटे फिरवून वरचा द्रव घ्यावा, आणि तो घेताना पिपेटचे टोक गाळापासून दूर ठेवून शेवटचे ५० मायक्रोलिटर सरळ सोडून द्यावेत. हावरेपणाने तळापर्यंत गेलेल्या टोकातून गुठळ्या येतात. लायसेट गोठवून ठेवलेले असेल, तर वितळल्यावर पुन्हा फिरवावे, कारण गोठवण्यानेही गुठळ्या तयार होतात.

त्यानंतर फक्त बीड्स, अँटिबॉडीशिवाय, लायसेटबरोबर अर्धा ते एक तास फिरवून टाकून द्यावेत. बीड्सलाच चिकटणारे बरेचसे प्रथिन या पूर्वस्वच्छतेत निघून जाते. आयपीसाठी बीड्स लागतील तेवढेच घ्यावेत. २ मायक्रोग्रॅम अँटिबॉडीसाठी स्लरी २० मायक्रोलिटर पुरते. जास्तीचे बीड्स अँटिबॉडी नव्हे, पार्श्वभूमी पकडतात.

धुण्याची संख्या वाढवण्याचा उपयोग मर्यादित असतो, आणि इथेच एक बारीक गोष्ट सुटते. विद्यार्थिनी बीड्स पाच वेळा धूत होती, पण त्याच ट्यूबमध्ये. ट्यूब उजेडाकडे धरली, तेव्हा झाकणाच्या आतल्या कडेला लायसेटचा पिवळसर थेंब रेंगाळलेला दिसला. शेवटी नमुना बफर घालून ट्यूब उकळली की वाफेने तो थेंब खाली येतो. तिसऱ्या धुण्यानंतर बीड्स नव्या ट्यूबमध्ये हलवायचे, एवढ्यानेच आयजीजी लेनमधला बँड डोळ्यांना जाणवेल इतका कमी झाला. तरीही उरला, तर धुण्याच्या बफरमधले सोडियम क्लोराइड १५०वरून टप्प्याटप्प्याने ३०० मिलिमोलरपर्यंत न्यावे. प्रत्येक टप्प्यावर आयपी आणि आयजीजी दोन्ही लेन पाहाव्यात. दोन्ही एकाच प्रमाणात फिक्या होत असतील, तर काही हाती लागलेले नाही. आरआयपीएसारख्या एसडीएस असलेल्या बफरकडे मात्र घाईने वळू नये. त्यात खरी पकडही सुटू शकते, आणि मग कंट्रोल स्वच्छ पण प्रयोग रिकामा अशी अवस्था होते.

साध्या आयजीजीबद्दलही थोडे सांगायला हवे. ते त्याच प्राण्याचे, शक्यतो त्याच उपप्रकाराचे आणि मोजून तेवढ्याच मायक्रोग्रॅमचे असले पाहिजे. एसएमपी१४ ही आयजीजी१ आहे, तेव्हा कंट्रोलही उंदराचे आयजीजी१ हवे. प्रोटीन ए उंदराच्या आयजीजी१ला दुबळेपणाने धरते, त्यामुळे प्रोटीन ए बीड्सवर वेगळ्या उपप्रकाराचे कंट्रोल वापरले, तर दोन ट्यूबमध्ये अँटिबॉडीच कमी-जास्त बसते आणि तुलना पोकळ ठरते.

पी५३ डीएनएच्या दोरीने आले आहे का

पी५३ डीएनएला धरते. लायसेटमध्ये तुटलेल्या क्रोमॅटिनचे तुकडे असतील, तर डीएनएवर शेजारी बसलेली दोन प्रथिने एकत्र ओढली जातात आणि ती एकमेकांना धरून आहेत असे वाटते. लायसेटमध्ये बेंझोनेज घालून डीएनए तोडल्यावरही बँड टिकतो का, हे पाहावे. या एन्झाइमला मॅग्नेशियम लागते, म्हणून त्या दिवशीच्या बफरमध्ये ईडीटीए नको आणि १ ते २ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड हवे. ईडीटीए तसेच ठेवून "बेंझोनेजने फरक पडला नाही" असा निष्कर्ष काढलेली एक वही माझ्या पाहण्यात आहे.

खरे निगेटिव्ह कंट्रोल

साधे आयजीजी हे सर्वांत दुबळे कंट्रोल आहे. एसएमपी१४ स्वतःच पी५३ला किंवा भलत्याच प्रथिनाला धरत असेल, तर साधे आयजीजी ते सांगू शकत नाही. म्हणून पुढच्या दोन पायऱ्यांना थोडा वेळ आणि पैसा खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी म्हणजे पी५३चे जनुक काढून टाकलेल्या एचसीटी११६ पेशी. आयपी तीच, अँटिबॉडी तीच, सगळे तेच. या पेशींत पी५३ नाहीच, तेव्हा ५३ किलोडाल्टनचा बँड आला तर तो पी५३चा नाही. पहिल्या प्रश्नाचे याहून स्वच्छ उत्तर दुसरे नाही. आमच्याकडे ही लेन रिकामी आली. एक अडचण लक्षात ठेवावी. एमडीएम२चे जनुक स्वतः पी५३कडून चालवले जाते, त्यामुळे या पेशींत एमडीएम२ही कमी असते. इनपुट आणि आयपी दोन्हींत एमडीएम२ दाखवल्याशिवाय ही तुलना पुरी होत नाही.

दुसरी पायरी पकड सोडवण्याची. पी५३च्या सुरुवातीच्या टोकावरचे फेनिलॲलनिन १९, ट्रिप्टोफॅन २३ आणि ल्युसिन २६ हे एमडीएम२च्या खोबणीत बसतात, आणि न्यूट्लिन-३ए हा रेणू तीच खोबण अडवतो. न्यूट्लिन-३बी हे त्याचेच आरशातले रूप, पण पकडीला कितीतरी दुबळे. म्हणून तीन ट्यूब कराव्यात: फक्त डीएमएसओ, ३ए आणि ३बी. रसायन पेशींना न देता लायसेटमध्येच १० मायक्रोमोलर घालावे. पेशींना दिले, तर काही तासांत पी५३ आणि एमडीएम२ दोघांचेही प्रमाण वाढते आणि तुलना गढूळ होते. अपेक्षा अशी की तिन्ही ट्यूबमध्ये एमडीएम२ सारखेच ओढले जावे आणि पी५३ केवळ ३ए असलेल्या ट्यूबमध्ये कमी व्हावे.

आमचा निकाल जवळजवळ तसाच आला. ३ए असलेल्या ट्यूबमध्ये पी५३चा बँड खूप उतरला, पण आयजीजी लेनच्या पातळीपर्यंत पोहोचला नाही. इथे निष्कर्ष जपून काढावा लागतो. एमडीएमएक्स हे एमडीएम२चे भावंड पी५३ला धरते, एमडीएम२शी जोडी करते, आणि न्यूट्लिन त्याला फारसे अडवत नाही. म्हणजे उरलेले पी५३ एमडीएमएक्सच्या मध्यस्थीने आलेले असू शकते. को-आयपी दोन प्रथिने एका संकुलात आहेत एवढेच सांगते. ती थेट चिकटलेली आहेत हे नाही.

ज्यांना पेशींत प्रथिन बाहेरून घालायचे आहे, त्यांनी पी५३च्या ज्या रूपात २२व्या ल्युसिनच्या जागी ग्लुटामिन आणि २३व्या ट्रिप्टोफॅनच्या जागी सेरीन आहे, ते वापरावे. ते एमडीएम२ला धरू शकत नाही, बाकी प्रथिन जवळजवळ तेच असते. पण त्यासाठी एचईके२९३टी पेशी घेऊ नयेत. त्यांच्यातले एसव्ही४० विषाणूचे लार्ज टी अँटिजेन पी५३ला घट्ट धरून ठेवते. गंमत अशी की १९७९ साली पी५३चा शोध लागला, तोच या टी अँटिजेनबरोबर ओढले जाणारे प्रथिन म्हणून.

उलट दिशेने काहीच का आले नाही

डीओ-१ पी५३वर ज्या जागी बसते, ती २०व्या अमिनो आम्लाच्या आसपासची आहे, म्हणजे एमडीएम२च्या खोबणीत जाणारीच. ज्या पी५३ला एमडीएम२ने धरले आहे, तिथे डीओ-१ला जागा नाही, आणि डीओ-१ बसली तर एमडीएम२ला नाही. ब्लॉटवर प्रथिने उलगडलेली आणि वेगळी झालेली असतात, म्हणून तिथे हीच अँटिबॉडी उत्तम चालते. उलट दिशेची आयपी रिकामी आल्यावर "परस्परसंबंध नाही" असे लिहिण्याआधी अँटिबॉडीची जागा पाहावी. पी५३च्या शेपटीकडे बसणारी पीएबी४२१ वापरल्यावर एमडीएम२चा बँड आला.

लायसिसनंतर जुळलेली जोडी

पेशी फोडल्यावर एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत राहणारी प्रथिने बफरमध्ये प्रथमच भेटू शकतात, आणि ती बाहेरून भरपूर प्रमाणात घातलेली असतील तर विशेषच. हे तपासण्यासाठी पी५३ नसलेल्या एच१२९९ पेशींची दोन भांडी घ्यावीत, एकात पी५३ आणि दुसऱ्यात टॅग लावलेले एमडीएम२ घालावे, दोन्हींचे लायसेट नंतर मिसळून टॅगने आयपी करावी, आणि शेजारी दोन्ही एकाच भांड्यात घातलेल्या पेशींची लेन चालवावी. मिसळलेल्या लेनमध्ये तितकाच बँड आला, तर ही प्रथिने एकमेकांना धरू शकतात एवढेच म्हणता येईल. पेशीत ती एकत्र होती, हे या प्रयोगावरून म्हणता येणार नाही.

कुठे थांबून तज्ज्ञाकडे जावे

पी५३ नसलेल्या पेशींतही बँड येत असेल आणि ब्लॉटची दुसरी अँटिबॉडी वापरूनही तो टिकला, तर धुण्याचे बफर बदलत बसू नये. तो बँड कोणाचा, हे मास स्पेक्ट्रोमेट्रीच सांगेल. दोन प्रथिने थेट चिकटतात असा दावा करायचा असेल, तर कितीही सुंदर को-आयपी पुरेशी नाही. शुद्ध केलेली प्रथिने घेऊन जैवभौतिकी मोजणाऱ्यांकडे जावे लागते. आणि वरचे सगळे करूनही तीन स्वतंत्र वेळा आयपी आणि आयजीजीमधला फरक दुपटीच्या आतच राहिला, तर मी विद्यार्थ्याला ती अँटिबॉडी या कामासाठी सोडून द्यायला सांगते.

मास स्पेक्ट्रोमेट्री केंद्राकडे नमुना नेताना एकटी आयपीची ट्यूब नेऊ नये. तीच आयपी जनुक नसलेल्या पेशींतली आणि साध्या आयजीजीतली, अशा तिन्ही ट्यूब एकाच दिवशी तयार करून न्याव्यात. शेवटची दोन धुणी डिटर्जंटशिवायच्या बफरने करावीत, कारण एनपी-४० यंत्राला त्रास देते. हातमोजे सतत बदलावेत, नाहीतर यादीच्या वरच्या ओळींत आपल्याच त्वचेचे केराटिन येते. नमुना कसा उतरवायचा, हे केंद्रातल्या तंत्रज्ञाला पेशी लावण्याआधीच विचारावे. आम्ही ते उकळून झाल्यावर विचारले होते, आणि चार दिवसांचे काम पुन्हा करावे लागले.